बेळगावात लॉजवर राहिलात? रिव्ह्यू असा लिहा की पुढच्याला खोली निवडता येईल

बेळगाव, निपाणी, खानापूर, सौंदत्ती या पट्ट्यातल्या कुठल्याही लॉजचे रिव्ह्यू उघडून बघा. ‘छान आहे’, ‘एकदम घाण’, ‘स्टाफ चांगला’, ‘पैसा वसूल’, ‘परत जाणार नाही’. केएलई हॉस्पिटलला पेशंट घेऊन येणाऱ्या सांगलीच्या माणसाला यातून काय कळणार? त्याला चार रात्री झोप मिळेल अशी खोली हवी असते. गोव्याला जाताना मध्ये एक रात्र टेकणाऱ्या कुटुंबाला गाडी लावायला जागा आणि स्वच्छ बाथरूम हवं असतं. दोघंही तेच पंचवीस रिव्ह्यू वाचतात आणि शेवटी ओळखीच्या कुणाला तरी फोन करतात.

लिहिणारे खोटं लिहितात असं नाही. ते मत लिहितात, आणि ते मत कुठल्या खोलीत, कुठल्या दिवशी, कशामुळे झालं हे लिहायचं राहून जातं. एकाच लॉजमधली रस्त्याकडची दुसऱ्या मजल्यावरची खोली आणि मागच्या बोळाकडची चौथ्या मजल्यावरची खोली यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. म्हणून रिव्ह्यू हॉटेलचा लिहायचा नाही, आपण राहिलो त्या खोलीचा आणि त्या रात्रीचा लिहायचा. त्यासाठी नोंदी मुक्कामात असतानाच कराव्या लागतात. घरी गेल्यावर आठवतो तो फक्त राग किंवा समाधान.

खाली क्रम दिला आहे. तो शक्यतो मोडू नका, कारण काही गोष्टी फक्त पहिल्या पंधरा मिनिटांत दिसतात आणि काही फक्त पहाटे पाचला ऐकू येतात.

## १. काउंटरवर: नोंदीचा पाया

किल्ली हातात पडली की मोबाईलच्या नोट्समध्ये एवढं टाका: तारीख आणि वार, खोलीचा प्रकार (एसी की नॉन-एसी, डबल की ट्रिपल), प्रत्यक्ष दिलेला दर जीएसटी धरून, मजला, आणि खिडकी कुणीकडे उघडते. खोली क्रमांक स्वतःसाठी लिहून ठेवा. रिव्ह्यूत तो द्यायचा की नाही ते पुढे पाहू.

चेकआउटची वेळ विचारून घ्या. आपल्याकडच्या बऱ्याच लॉजवर चोवीस तासांचा हिशेब असतो, म्हणजे संध्याकाळी सहाला आलात तर दुसऱ्या दिवशी सहापर्यंत खोली तुमची. काही ठिकाणी दुपारी बाराचा नियम असतो. हे न विचारता नंतर ‘अर्ध्या दिवसाचे जादा पैसे उकळले’ असं लिहिणारे पुष्कळ आहेत. वाचणाऱ्याला इथे तक्रारीपेक्षा नियम कळणं जास्त उपयोगाचं.

आणि एक नोंद जवळपास सगळे विसरतात: त्या दिवशी गावात काय चाललं होतं? बेळगावात हे फार महत्त्वाचं आहे. कर्नाटक विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन भरलं, जे बहुतेक डिसेंबरात असतं, की सुवर्ण विधानसौधच्या निमित्ताने अधिकारी, पत्रकार, पोलीस यांनी शहरातल्या खोल्या भरून जातात. दर चढतात आणि कामाची माणसं दमलेली असतात. वैशाखातल्या शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक आणि गणपती विसर्जन रात्रभर चालतं. १ नोव्हेंबरला, कर्नाटक राज्योत्सवाच्या दिवशी, मध्यवर्ती रस्ते मिरवणुकांनी आणि बंदोबस्ताने अडलेले असतात. सौंदत्तीत पौर्णिमेला यल्लमाच्या दर्शनाला लोटणारी गर्दी आणि एरवीचा साधा दिवस यांची तुलनाच होत नाही. पौर्णिमेच्या रात्री पाणी संपलं म्हणून एक स्टार द्यायचा असेल तर खुशाल द्या, पण ‘पौर्णिमा होती’ हे दोन शब्द सोबत असू देत.

तपासा: तुमच्या नोंदीत वार, दर, मजला, खिडकीची दिशा आणि ‘त्या दिवशी गावात काय होतं’ हे सगळं आलं का? यातलं एक जरी सुटलं तर पुढच्या नोंदी अधांतरी राहतात.

## २. पहिली पंधरा मिनिटं: स्वच्छता

बॅग पलंगावर टाकू नका. खुर्चीवर किंवा टेबलावर ठेवा. मोबाईलचा टॉर्च लावा आणि आधी पलंग बघा, कारण एकदा त्यावर बसलात की चादरीवरचा केस तुमचा की आधीच्याचा हे सांगता येत नाही.

चादर सगळेच बघतात. खरी गोष्ट चादरीखाली असते. डोक्याकडच्या बाजूने गादीचा कोपरा उचला, शिवण आणि गादीची खालची कड टॉर्चने बघा, मग पलंगाच्या लाकडी सांध्यांत आणि डोक्यामागच्या फळीच्या फटीत. ढेकूण असतील तर पेनाच्या शाईचे असावेत तसे बारीक काळे ठिपके एका ओळीत दिसतात, कधी फिकट तपकिरी टरफलंही सापडतात. ओला टिश्यू फिरवल्यावर ठिपका तांबूस-तपकिरी पसरला तर शंका पक्की समजा. त्या वेळी फोटो काढा आणि लगेच खोली बदलून मागा, शेजारची नको, वेगळ्या मजल्यावरची मागा.

उलट बाजूही सांगायला हवी. सकाळी अंगावर लाल पुरळ दिसलं म्हणून ‘ढेकूण आहेत’ असं लिहू नका. पावसाळ्यात इथे डासही भरपूर असतात, आणि ढेकणाच्या चाव्याची खूण काही वेळा कित्येक दिवसांनी उठते. म्हणजे ती आधीच्या मुक्कामातलीही असू शकते. ठिपके किंवा जिवंत किडा दिसला तरच तो शब्द वापरा. त्या एका शब्दाने लॉजचा महिन्याचा धंदा बसतो, तेव्हा तो डोळ्यांनी पाहिलेला असावा.

चादर आणि उशीचा अभ्रा बहुतेक ठिकाणी बदलतात. रग, ब्लँकेट आणि उशी स्वतः यांचं काय, ते बघा. अभ्रा काढून उशीवरचे डाग बघायला अर्धं मिनिट लागतं. ‘चादर धुतलेली, रगाला वास, मागितल्यावर वीस मिनिटांत दुसरा आणून दिला’ हे वाक्य ‘बेड क्लीन नव्हता’पेक्षा कितीतरी जास्त सांगतं.

मग बाथरूम. इथे लोक तीन गोष्टी सरसकट ‘घाण’ म्हणून टाकतात, आणि तिघांची कारणं वेगळी असतात.

पहिली गोष्ट वास. खोली उघडल्यावर बाथरूममधून गटारीसारखा वास आला तर फरशीवरच्या जाळीत एक-दोन मग पाणी ओता आणि दहा मिनिटं थांबा. जाळीखालच्या वळणात पाणी साचलेलं असतं, तेच खालचा वास अडवतं. खोली बरेच दिवस बंद राहिली की ते पाणी सुकतं आणि वास वर येतो. पाणी ओतल्यावर वास गेला तर दोष एवढाच की खोली उघडून पाणी मारलेलं नव्हतं. वास तसाच राहिला तर पाइपात किंवा बांधकामात गडबड आहे आणि ती पुढच्या माणसालाही भोगावी लागणार. रिव्ह्यूत या दोन्हींचं वजन सारखं नसतं.

दुसरी गोष्ट डाग. नळावर, बादलीवर, टाइल्सवर पांढरट थर दिसतो तो बऱ्याचदा बोअरच्या जड पाण्याचा क्षार असतो. ओल्या टिश्यूने जोरात घासा. टिश्यू काळा-पिवळा झाला तर मळ, तसाच पांढरा राहिला आणि डाग जागचा हलला नाही तर क्षार. कमोडच्या आतली कड आणि बेसिनखालची बाजू मात्र रोजच्या साफसफाईची खरी परीक्षा आहे. तिथे मळ साचलेला असेल तर स्वच्छतेच्या नावाने ओरडायला हरकत नाही.

तिसरी गोष्ट ओल. जून ते सप्टेंबर खानापूर, जांबोटी या बाजूला तर भिंती ओल धरतातच, बेळगाव शहरातही जुन्या इमारतींत कोंदट वास येतो. भिंतीवर बुरशीचे काळे-हिरवे ठिपके असतील तर ते लिहा, दम्याच्या माणसाला ते कळायलाच हवं. नुसता कोंदट वास असेल तर खिडकी उघडून पंखा लावल्यावर किती वेळात गेला ते लिहा. आणि महिना लिहा. जुलैतली ओल वाचून एप्रिलमध्ये येणाऱ्याने लॉज टाळू नये.

गरम पाण्याचं शेवटी. गिझर आहे की सोलर हे विचारा. सोलर असेल तर पाणी ठरावीक वेळेतच मिळतं आणि ढगाळ दिवसांत कोमट येतं. ‘गरम पाणी नाही’ या तक्रारींत पहाटे चारला आंघोळ करू पाहणारे बरेच असतात. वेळ विचारा, त्या वेळी नळ सोडून बघा, मग लिहा.

सावध: खोलीत शिरल्या शिरल्या जे दिसलं ते आणि सांगितल्यावर दुरुस्त झालं ते, दोन्ही नोंदवा. फक्त पहिलं लिहिलंत तर रिव्ह्यू अर्धा खोटा ठरतो.

## ३. रात्र: आवाज

आवाजाबद्दल आपण सर्वांत आळशीपणे लिहितो. ‘रात्रभर आवाज’ किंवा ‘शांत परिसर’. दोन्ही बिनकामाचे. तीन गोष्टी लिहिल्या तरच उपयोग: कशाचा आवाज, किती ते किती, आणि खिडकी बंद व पंखा चालू असताना तो ऐकू येत होता का.

झोपण्याआधी, साधारण अकराला, दोन मिनिटं खिडकी उघडून ऐका आणि मग बंद करून ऐका. फरक लिहा. रात्री जाग आली तर घड्याळ बघा आणि नोट्समध्ये एक शब्द टाका: ‘२.१० ट्रेन’. डोळे चोळत मोठी नोंद करत बसू नका, तेवढा एक शब्द पुरतो.

डेसिबलचं ॲप लावून आकडा देण्याचा मोह होतो. टाळा. मोबाईलचा माइक मोजमापासाठी बनवलेला नसतो, दोन फोन एकाच खोलीत वेगळे आकडे दाखवतात. त्याऐवजी ‘खिडकी बंद असूनही बाहेरच्यांचं बोलणं शब्दन् शब्द कळत होतं’ किंवा ‘फक्त गुणगुण येत होती’ असं लिहा. ते कुणालाही समजतं.

आता उगम ओळखायचा, कारण त्यावरून पुढच्याला काय मागायचं ते ठरतं. आपल्या भागात हे नेहमीचे:

रेल्वे. मिरज-लोंढा मार्ग शहरातूनच जातो. टिळकवाडीत रेल्वे गेटच्या आसपास उतरलात तर गाडीच्या धडधडीपेक्षा हॉर्न जास्त जागवतो, गेटजवळ येताना तो वाजतोच. हा आवाज कायमचा आहे, लॉजवाला काही करू शकत नाही. रुळांच्या उलट बाजूची खोली हाच उपाय, आणि तो रिव्ह्यूत लिहायचा.

बसस्टँड. मध्यवर्ती स्टँडच्या आजूबाजूला घोषणा, इंजिनं आणि कंडक्टरांच्या हाका पहाटे लवकर सुरू होतात. रात्री बाराला शांत वाटलेली खोली साडेचारला शांत राहत नाही.

महामार्ग. निपाणी, संकेश्वर आणि हत्तरगीच्या बाजूला राष्ट्रीय महामार्ग ४८ ला लागून लॉज आहेत. तिथे ट्रक रात्रभर. यात एक बारकावा आहे: चढावर किंवा गतिरोधकाजवळ असलेल्या लॉजला गिअर बदलण्याचा आणि ब्रेकचा आवाज जास्त, सपाट रस्त्यावर नुसती सरसर. नुसतं ‘हायवे टच’ लिहून हे कळत नाही.

लॉजच्या आतला आवाज. याकडे कुणी लक्ष देत नाही, आणि खरं तर हाच सुधारता येण्यासारखा असतो. लिफ्टला लागून खोली, वरच्या टाकीत पाणी चढवणारी मोटर, वीज गेल्यावर सुरू होणारा जनरेटर, खालच्या किचनचा एक्झॉस्ट, कॉरिडॉरमध्ये दरवाजा उघडा ठेवून गप्पा मारणारी लग्नाची मंडळी. तळमजल्यावर किंवा शेजारी मंगल कार्यालय आहे का तेही बघा. कार्यालय असेल तर लग्नसराईत आणि एरवी असे दोन वेगळे लॉज समजावेत.

नोंदी झाल्या की प्रत्येक आवाजापुढे एक शब्द लिहा: ‘रोज’, ‘कधीतरी’ किंवा ‘त्या दिवशीच’. रेल्वे रोज, जनरेटर कधीतरी, विसर्जनाचे ढोल त्या दिवशीच. एवढी वर्गवारी केली की रिव्ह्यूतला अर्धा अन्याय आपोआप गळतो.

तपासा: ‘रात्रभर’ हा शब्द वापरण्याआधी नोंदीत किमान तीन वेगवेगळ्या वेळा आहेत का बघा. नसतील तर वेळ लिहा, ‘रात्रभर’ नको.

## ४. माणसं: वागणूक कशी नोंदवायची

‘स्टाफ उर्मट’ आणि ‘स्टाफ प्रेमळ’ हे दोन्ही निकाल आहेत. निकालाआधी घडलं काय ते हवं. साधा नियम असा: तुम्ही काय मागितलं, त्यांनी काय सांगितलं, प्रत्यक्षात काय आणि किती वेळात झालं. ‘साडेनऊला जादा ब्लँकेट मागितलं, पाठवतो म्हणाले, साडेदहाला परत खाली जाऊन आणावं लागलं.’ यात उर्मट हा शब्द नाही, पण वाचणाऱ्याला जे कळायचं ते कळलं.

आपल्या भागात यात भाषेचा गुंता असतो, त्यावर स्पष्ट बोललेलं बरं. काउंटरवरचा मुलगा कन्नडमध्ये बोलला म्हणून तो उद्धट ठरत नाही, आणि मराठीत बोलला म्हणून सेवा चांगली होत नाही. बेळगावच्या लॉजवर काम करणारी मुलं बैलहोंगल-गोकाककडचीही असतात आणि चंदगड-खानापूरकडचीही. भाषेचा राग रिव्ह्यूत आला की खाली भांडण सुरू होतं, आणि बाथरूमच्या वासाची माहिती त्याखाली गाडली जाते. उपयोगाची माहिती एवढीच: ‘मराठी आणि हिंदी दोन्ही चालतं’ किंवा ‘रात्रपाळीला फक्त कन्नड, पण कामं झाली’. नाशिकहून म्हाताऱ्या आईवडिलांना एकटं पाठवणाऱ्याला हे नक्की वाचायचं असतं.

काही गोष्टी लिहायला लोक संकोचतात, त्या जरूर लिहा. एकट्या बाईला खोली देताना काय विचारलं, कुठली कागदपत्रं मागितली, रात्री काउंटरवर कुणी असतं का, दाराची आतली कडी नीट बसते का. हे वागणुकीतच मोडतं. फक्त इथेही शब्द प्रश्नाचे द्या, त्यामागचा हेतू ठरवून देऊ नका.

तक्रार असेल तर ती मुक्कामातच आणि काउंटरवरच करा, चेकआउटच्या आधी. मॅनेजरला भेटलात का, त्याने काय केलं, हे रिव्ह्यूचं सर्वांत वजनदार वाक्य असतं. काहीच न सांगता निघून जायचं आणि घरी पोचल्यावर एक स्टार मारायचा, यात पुढच्या प्रवाशाला सर्वांत महत्त्वाची गोष्ट कळत नाही: इथे सांगितलं तर सुधारतं का?

सावध: कुणाचंही नाव लिहू नका, कौतुक असलं तरी. ‘रात्रपाळीचा काउंटरवरचा माणूस’ एवढं पुरतं. आणि ‘चोर’, ‘लुटारू’ असले शब्द तर नकोतच. भारतीय न्याय संहितेचं कलम ३५६ बदनामीचं आहे आणि ते ऑनलाइन लिहिलेल्यालाही लागतं. ‘बिलात २०० रुपये जादा लावले, विचारल्यावर परत दिले नाहीत’ हे घडलेलं आहे, ते लिहा.

## ५. सकाळी: ठिकाण पायांनी मोजा

‘लोकेशन मस्त’ म्हणजे कुणासाठी? बेळगावात मध्यवर्ती बसस्टँड एका टोकाला आणि रेल्वे स्टेशन दुसरीकडे, मध्ये दोन-तीन किलोमीटर. ‘स्टँडजवळ’ लिहिलेलं वाचून स्टेशनवर पहाटे उतरणारा माणूस सामानासह रिक्षा शोधत बसतो. केएलई नेहरूनगरात, खरेदी खडेबाजार-गणपत गल्लीत, लग्नं टिळकवाडी-शहापूरकडे, विमानतळ सांबऱ्याला. म्हणून आधी लिहा की तुम्ही कशासाठी आला होता, आणि त्या कामासाठी ते ठिकाण कसं पडलं.

अंतर मिनिटांत द्या, आणि तुम्ही स्वतः चाललेलंच द्या. नकाशा जे सांगतो त्यात रेल्वे गेट बंद असल्याची वेळ नसते, आणि रविवारी सकाळची पाच मिनिटं संध्याकाळी सातला बाजारातून पंधरा होतात. खूण सांगताना रिक्षावाल्याला कळेल ती सांगा: चन्नम्मा सर्कल, गोगटे सर्कल, गोवावेस, आरपीडी. पाट्यांवर कन्नड अक्षर मोठं असतं. बाहेरून येणाऱ्याला वाचता येत नसेल तर लॉजच्या इमारतीचा रंग, शेजारचं दुकान किंवा खालची बँक अशी खूण लाख मोलाची.

वेळेचं एक बघा. रात्री उशिरा परतल्यावर मुख्य दार किंवा शटर बंद होतं का, हाक मारून उघडावं लागतं का? जवळ रात्री दहानंतर जेवण मिळतं का? गाडी असेल तर पार्किंग आवारात की रस्त्यावर? रस्त्यावर असेल तर सकाळी दुकानं उघडताना हलवावी लागते का? अशा एका ओळीसाठी गोव्याला निघालेलं कुटुंब तुम्हाला मनोमन धन्यवाद देईल.

## ६. लिहायला बसणं: एक उदाहरण पूर्ण करून पाहू

घरी पोचल्यावर दोन दिवसांत लिहा. रागात असाल तर एक रात्र जाऊ द्या, पण आठवडा नको.

कोल्हापूरहून केएलईला नातेवाइकाला भेटायला आलेल्या माझ्या एका मावसभावाने स्टँडजवळच्या एका लॉजबद्दल लिहिलेला कच्चा मजकूर हा असा होता:

> एकदम घाण हॉटेल. बाथरूमला वास. रात्रभर झोप नाही. गरम पाणी नाही. स्टाफला काही पडलेलं नाही. लोकेशन ओके. कुणीही जाऊ नका.

त्याला फोनवर एकेक वाक्य विचारत गेलो. वास केव्हा? शिरल्यावर. नंतर? आंघोळीचं पाणी गेल्यावर कमी झाला, सकाळी नव्हता. म्हणजे सुकलेली जाळी. बाकी घाण काय होतं? चादर धुतलेली होती, रगाला डाग होते, तो मागितल्यावर बदलून दिला. किती वेळाने? वीसेक मिनिटांनी. झोप का नाही? वीज गेली, खाली जनरेटर सुरू झाला, साडेअकरा ते साडेबारा. पुन्हा साडेचारपासून बसचे आवाज. खोली रस्त्याकडची होती ना? होय. मागची मागितली का? नाही, सुचलं नाही. गरम पाणी? आठपर्यंतच येतं हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं, आणि तो उठला नऊला.

आता सगळ्यात खरी तक्रार कोणती उरली? पाण्याची वेळ न सांगणं, आणि जनरेटर खोलीच्या खिडकीखाली असणं. दोन्ही गोष्टी कच्च्या मजकुरात नव्हत्याच. त्यावरून तयार झालेला मजकूर:

> जुलै, बुधवारची रात्र, नॉन-एसी डबल, दुसरा मजला, रस्त्याकडची खिडकी. गावात काही कार्यक्रम नव्हता. कामासाठी केएलईला जायचं होतं.
>
> स्वच्छता: चादर आणि अभ्रे धुतलेले. रगाला डाग होते, सांगितल्यावर वीस मिनिटांत बदलला. शिरताना बाथरूमला वास होता, पाणी वापरल्यावर गेला. कमोड आणि बेसिन साफ. भिंतीला थोडी ओल, बुरशी नाही.
>
> आवाज: वीज गेल्यावर साडेअकरा ते साडेबारा जनरेटर, तो याच बाजूच्या खिडकीखाली आहे, खिडकी बंद करूनही झोप लागली नाही. साडेचारपासून बसस्टँडचा आवाज, तो रोजचा असणार. मागच्या बाजूची खोली मागून घ्या.
>
> माणसं: मराठी, हिंदी चालतं. मागितलेली वस्तू मिळते. पण गरम पाणी सकाळी आठपर्यंतच असतं हे आपणहून कुणी सांगत नाही, आल्यावर विचारा.
>
> ठिकाण: स्टँडपासून चालत पाच मिनिटं. केएलईला रिक्षानेच जावं लागतं. रात्री अकराला परतलो तेव्हा शटर अर्धं खाली होतं, हाक मारल्यावर लगेच उघडलं.
>
> एका रात्रीला, मागची खोली मिळाली तर ठीक. पेशंटसोबत आठवडाभर राहायचं असेल तर हॉस्पिटलच्या जवळ बघा.

क्रम नीट बघा. आधी परिस्थिती, मग चार बाबी, आणि शेवटी ‘कुणाला चालेल, कुणाला नाही’. ‘कुणीही जाऊ नका’ हे वाक्य गळून पडलं, कारण ते खरं नव्हतं. रागही बराच गळला. तरी लॉजवाल्याला हा मजकूर जास्त टोचेल, कारण यातला जनरेटर त्याला नाकारता येत नाही.

चारही बाबींना सारख्या ओळी द्यायला हव्यात असं नाही. जिथे काही विशेष घडलं नाही तिथे चार शब्दांत आटपा. आवाजानेच रात्र खाल्ली असेल तर निम्मा रिव्ह्यू आवाजाचा होऊ द्या.

## ७. स्टार, फोटो आणि नंतरचं

स्टार मजकूर लिहून झाल्यावर द्या, आधी नाही. आधी दिलात तर मजकूर त्या स्टारचं समर्थन करत बसतो. आणि दराशी जोडून द्या. आठशे रुपयांच्या खोलीत टॉवेल जुना होता म्हणून दोन स्टार आणि साडेतीन हजारांच्या खोलीत तोच टॉवेल चालवून चार स्टार, हा उलटा न्याय नेहमी दिसतो.

फोटो तीन-चार पुरेत. खिडकीतून दिसणारं दृश्य नक्की टाका, खोली कुठल्या बाजूची हे त्यावरून पटकन कळतं. बाथरूमचा दिवा लावून एक, आणि तक्रार ज्याची आहे त्याचा जवळून एक. डाग किती मोठा हे कळावं म्हणून शेजारी नाणं किंवा किल्ली ठेवा, मात्र किल्लीवरचा क्रमांक झाकून. फोटोत दुसरे पाहुणे, कामगारांचे चेहरे, काउंटरवरचं रजिस्टर किंवा कुणाचं आधार येत नाही ना हे टाकण्याआधी बघून घ्या. खोली क्रमांक मजकुरात द्यायचा असेल तर मुक्काम संपल्यावरच द्या. अजून तिथेच असाल तर रिव्ह्यू टाकूच नका.

चेकआउटला काउंटरवरून ‘पाच स्टार द्या, दोनशे कमी करतो’ अशी ऑफर येते. घेऊ नका. पैसे किंवा सवलत घेऊन दिलेला रिव्ह्यू गूगलच्या नियमांतही बसत नाही. नाश्ता फुकट मिळाला असेल, खोली ओळखीतून कमी दरात मिळाली असेल, तर तेही एका वाक्यात सांगा.

टाकल्यावर काही दिवसांनी परत उघडून बघा. मालकाचं उत्तर आलं असेल आणि त्याने काही दुरुस्त केल्याचं म्हटलं असेल, तर जुना मजकूर पुसू नका. खाली तारीख घालून एक ओळ वाढवा: ‘मालकाच्या म्हणण्यानुसार जनरेटर मागे हलवला, मी पाहिलेला नाही.’ पुढच्या वेळी तिथे उतरलात तर ती ओळ स्वतः बघून बदला. मालकाने फोन करून रिव्ह्यू काढायला सांगितलं तर आधी विचारा की यातलं कुठलं वाक्य चुकीचं आहे. खरंच चुकीचं निघालं तर तेवढं वाक्य दुरुस्त करा, बाकी मजकूर जागच्या जागी राहू द्या.